विश्लेषण : मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनमुळे ओठ, डोळे, त्वचा कोरडी का पडते? उन्हात काय सांभाळावे?

गाठीसारख्या, दुखऱ्या आणि चेहऱ्यावर कायमचे खड्डे ठेवून जाणाऱ्या मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनइतका खात्रीचा उपाय आजही दुसरा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ मध्ये या औषधाला मान्यता दिली आणि त्यानंतर ते जगभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर दिसू लागले. मात्र औषध सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ सुकतात. अनेकांचे डोळे चुरचुरतात, हातांची साल निघते, उन्हात चेहरा लगेच लाल होतो. घाबरून काही जण दुसऱ्या महिन्यातच कॅप्सूल बंद करतात, तर काही जण दिवसाला चार लिटर पाणी प्यायला लागतात. या दोन्हींचा उपयोग होत नाही. कोरडेपणा नेमका कशाने येतो हे कळले, की त्यावर काय लावायचे, किती आणि केव्हा, हेही समजते.

एका औषधाने तीन ठिकाणी कोरडेपणा कसा?

आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध आहे. त्वचेत तेल तयार करणाऱ्या ज्या सूक्ष्म ग्रंथी असतात, त्या या औषधाने आक्रसतात. तेल कमी झाले की रोमछिद्रे बुजत नाहीत, त्यात वाढणाऱ्या जिवाणूंना पोषण मिळत नाही आणि मुरुमे येणे थांबते. म्हणजे तेल आटणे हा या औषधाचा दुष्परिणाम नसून ते औषध ज्या मार्गाने काम करते तो मार्गच आहे.

याच वेळी आणखी एक बदल घडतो. त्वचेच्या अगदी वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांची एकमेकींवरची पकड औषधामुळे सैल होते आणि हा थर पातळ होतो. शरीरातले पाणी बाहेर उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने घातलेले झाकण म्हणजे हाच थर आणि त्यावरचे तेल. ते विरळ झाले की आतले पाणी सतत बाष्प होऊन जात राहते. त्यामुळे इथे पाण्याची कमतरता नसते, झाकण कमी पडलेले असते. तहान लागेल तेवढे पाणी प्यावेच, पण जास्त पाणी पिऊन फाटलेले ओठ भरून येत नाहीत.

सर्वांत आधी फटका ओठांना बसतो, कारण ओठांच्या लाल भागावर संरक्षक थर मुळातच अतिशय पातळ असतो आणि तिथे घामाच्या ग्रंथी नसतात, तेलग्रंथीही जवळपास नसतात. डोळ्यांचे कारण थोडे वेगळे आहे. पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या मायबोमियन ग्रंथी या तेलग्रंथींच्याच प्रकारातल्या. त्यांचे तेल अश्रूंवर पातळ तवंगासारखे पसरते आणि अश्रू लवकर वाळू देत नाही. औषधाने त्या ग्रंथीही मंदावतात. अश्रू तयार होत राहतात, पण डोळ्यावर टिकत नाहीत.

किती डोसला किती कोरडेपणा?

कोरडेपणा डोसच्या मागे मागे चालतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, पुण्यात अभियांत्रिकी शिकणारी, ६० किलो वजनाची एक विद्यार्थिनी फेब्रुवारीच्या सुरुवातीला उपचार सुरू करते. डॉक्टर पहिला महिना रोज २० मिलिग्रॅम देतात. वजनाच्या हिशेबाने हा डोस किलोमागे साधारण ०.३३ मिलिग्रॅम, म्हणजे सौम्य. पहिल्या आठवडाभरातच ओठांवर पापुद्रे दिसू लागतात, पण साधा मलम लावून भागते. दुसऱ्या महिन्यापासून डोस ४० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.६७ मिलिग्रॅम होतो. आता ओठांना चिरा पडतात, सायंकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, मनगटाच्या वर खरबरीत चट्टे उठतात.

पूर्ण कोर्स किती दिवसांचा, याचाही हिशेब असतो. मुरुमे परत येण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून अनेक डॉक्टर एकूण मात्रा किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. ६० किलोला १२० ने गुणले तर ७,२०० मिलिग्रॅम. पहिल्या महिन्यात त्यातले ६०० झाले, उरलेले ६,६०० रोज ४० प्रमाणे १६५ दिवसांत होतील. म्हणजे फेब्रुवारीत सुरू झालेला हा कोर्स ऑगस्टच्या मध्यापर्यंत जाईल आणि एप्रिल-मेचे ऊन व नंतरचा पावसाळा, दोन्ही त्यात येतील. कमी डोस आणि जास्त महिने हा मार्गही आपल्याकडे बराच वापरला जातो. त्यात कोरडेपणा कमी जाणवतो, पण कालावधी लांबतो. कोणता मार्ग घ्यायचा हे मुरुमांच्या तीव्रतेवर ठरते, म्हणून कोरडेपणा असह्य झाला तर कॅप्सूल स्वतःहून बंद करण्याऐवजी डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणे योग्य. बहुतेकदा डोस थोडा खाली आणला की महिनाभरात फरक पडतो.

एक उलटी खूणही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठरलेला डोस महिनाभर घेऊनही ओठ अजिबात सुकले नाहीत, तर औषध नीट शोषले जाते का, हा प्रश्न डॉक्टर विचारतात. आयसोट्रेटिनॉइन तेलात विरघळणारे आहे. रिकाम्या पोटी किंवा नुसत्या चहाबरोबर घेतले, तर त्याचा बराच भाग शोषला न जाता बाहेर पडतो. ते पूर्ण जेवणासोबत घ्यायचे असते. पोळीवर तूप, शेंगदाण्याची चटणी, अंडे किंवा साईचे दही असे थोडे स्निग्ध ताटात असले की पुरते.

ओठांवर काय लावावे, काय टाळावे?

झाकण परत घालायचे, हे सूत्र धरले तर ओठांसाठी उत्तर स्वस्त आणि साधे आहे : पांढरी पेट्रोलियम जेली किंवा तिच्यावर आधारलेला, वास-रंग नसलेला घट्ट मलम. ती ओठांना पाणी देत नाही. आहे ते पाणी अडवून धरते. म्हणून ओठ किंचित ओलसर असताना, म्हणजे पाणी प्यायल्यावर किंवा तोंड धुतल्यावर टिपून लगेच लावली तर जास्त काम करते. सकाळ-संध्याकाळ असे दोनदा लावून काही होत नाही. चाळीस मिलिग्रॅमच्या डोसवर दिवसातून आठ-दहा वेळा लावावे लागणे नेहमीचे आहे, कारण बोलताना, खाताना, पाणी पिताना ती पुसली जाते. एक लहान डबी दप्तरात, एक उशाशी, अशी सोय केली की आठवण ठेवावी लागत नाही. झोपताना जाड थर द्यावा. रात्री तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांना त्याची गरज जास्त.

घरोघरी ओठांना तूप किंवा साय लावतात. तूप हे झाकण म्हणून काही वेळ चालते, त्याने अपाय नाही. पण अंगाच्या उष्णतेने ते लगेच पातळ होते आणि चाटले जाते. साय मात्र टाळलेली बरी, कारण चिरा पडलेल्या ओठांवर ती राहिली की आंबते. मेंथॉल, कापूर, दालचिनी किंवा पुदिन्याचा गारवा देणारे लिप बाम हे खरे घातक. लावताच बरे वाटते, मग ओठ अधिक चुरचुरतात, म्हणून माणूस पुन्हा लावतो आणि चक्र सुरू राहते. ओठ चाटण्याचेही तसेच. थुंकी वाळताना ओठातले पाणी सोबत नेते आणि तिच्यातली पाचक द्रव्ये आधीच नाजूक झालेल्या सालीला दुखवतात. पापुद्रे दाताने किंवा नखाने ओढले तर रक्त येणारच. ते निघत असतील तर मलमाखाली मऊ होऊ द्यावेत आणि ओल्या मऊ कापडाने हलके पुसावेत. साखरेचा स्क्रब या काळात नको.

मलम नियमित लावूनही ओठ सुधारत नसतील तर दोन शक्यता पाहाव्या लागतात. ओठांचे फक्त कोपरे लाल, ओले, चिरलेले असतील आणि त्यावर पिवळसर खपली धरत असेल, तर तिथे बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो; त्यावर जेली पुरत नाही, वेगळे औषध लागते. आणि ओठांच्या कडेबाहेरही खाज, सूज, बारीक पुरळ दिसत असेल, तर लिप बाममधल्याच सुगंधाची किंवा लॅनोलिनसारख्या घटकाची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी सगळे बाम बंद करून आठवडाभर फक्त साधी जेली वापरली, तर फरक दिसतो आणि कारण सापडते.

नाकातही हीच अडचण होते. आतली त्वचा वाळते, खपली धरते आणि शिंकरताना रक्त येते. नाकपुडीच्या अगदी पुढच्या भागात बोटाने जेलीचा पातळ हात दिवसातून दोनदा फिरवला किंवा सलाइनचे थेंब घातले की बहुतेकांना पुरते. मात्र दाबून धरूनही रक्त थांबत नसेल किंवा वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

चेहरा आणि हात : आधी काय बंद करायचे?

या काळात काय लावायचे, याच्याआधी काय काढून टाकायचे हे ठरवावे लागते. मुरुमांसाठी आधीपासून चालू असलेला सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल, ॲडापॅलिन, ग्लायकोलिक ॲसिडचे टोनर हे सगळे तेल आणि मृत पेशी काढण्यासाठी असते. ते काम आता कॅप्सूल आतून करते आहे. दोन्ही एकत्र चालले की चेहरा सोलल्यासारखा होतो. डॉक्टरांनी मुद्दाम चालू ठेवायला सांगितले नसेल, तर ही उत्पादने बाजूला ठेवावीत. मुलतानी माती, लिंबू, बेसनाचे उटणे आणि अक्रोडाचा स्क्रबही त्याच यादीत. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे उटणे कोर्स चालू असताना चेहऱ्याला लावायचे टाळले तरी चालेल.

धुण्यासाठी साबणाऐवजी सौम्य, फेस कमी करणारा क्लिन्झर दिवसातून दोनदा पुरतो. पाणी कोमट असावे. कडकडीत गरम पाणी उरलेसुरले तेलही धुऊन नेते. आंघोळ लांबवू नये आणि टॉवेलने घासण्याऐवजी टिपावे. त्यानंतर तीनेक मिनिटांत, कातडी अजून दमट असतानाच मॉइश्चरायझर लावायचे. हा वेळ महत्त्वाचा, कारण पाणी उडून गेल्यावर लावलेले क्रीम कोरड्या पृष्ठभागावर बसते. निवड करताना ग्लिसरीन आणि सिरॅमाइड असलेले, सुगंध नसलेले, रोमछिद्रे न बुजवणारे अशी नोंद असलेले क्रीम पाहावे. जेलपेक्षा क्रीम चांगले. खोबरेल तेल हातापायांना चालते. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र ते छिद्रे बुजवू शकते, म्हणून तिथे नको.

हाताच्या पाठीवर, मनगटावर, बाहूंवर गोलसर, लाल, खाजणारे चट्टे उठले तर ते नुसत्या कोरडेपणाच्या पुढचे असते. याला एक्झिमा म्हणतात आणि आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांत तो, विशेषतः थंडीत आणि सतत भांडी-कपडे धुणाऱ्यांत, बऱ्यापैकी दिसतो. काही दिवस नेमके मलम लावले की तो जातो, पण ते कोणते आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. औषधांच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मागून आणण्याची सवय इथे महागात पडते. अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असते आणि ते चेहऱ्यावर लावले की त्वचा आणखी पातळ होते, लाली कायम राहते, आणि ज्यासाठी सारा खटाटोप केला तसेच मुरूम पुन्हा उठतात.

डोळ्यांचा कोरडेपणा ओळखायचा कसा?

गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यांतून कधीकधी पाणी जास्त वाहते. तवंग नसल्याने अश्रू वाळतात, डोळा दुखावतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून एकदम पाणी येते. दुचाकीवर वारा लागताच डोळे गळायला लागले, मोबाइल पाहताना अक्षरे धूसर होऊन पापण्या मिटल्यावर पुन्हा स्पष्ट झाली, किंवा सकाळी पापण्या चिकटलेल्या वाटल्या, तर तो कोरडेपणाच समजावा. स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होऊ शकते, म्हणून दिवसभर लॅपटॉपवर असणाऱ्यांना त्रास जास्त.

कृत्रिम अश्रूंचे थेंब हा पहिला उपाय. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा हायल्युरोनेट असलेले थेंब दिवसातून चारेक वेळा घालता येतात. चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर संरक्षक रसायन नसलेले घ्यावेत, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे संरक्षक वारंवार डोळ्यात गेले की स्वतःच चुरचुर वाढवते. ‘लाली घालवणारे’ थेंब मात्र वेगळी गोष्ट. ते रक्तवाहिन्या आकसवून डोळा पांढरा दाखवतात, कोरडेपणा तसाच राहतो. गुलाबपाणी आणि मध डोळ्यात घालणे टाळावेच.

ग्रंथींकडे परत जायचे तर ऊब उपयोगी पडते. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवायचा, थंड झाला की पुन्हा पिळायचा. त्याने घट्ट झालेले तेल पातळ होऊन वाहते. आपल्या उदाहरणातली विद्यार्थिनी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल, तर तिला सर्वांत सोपी सूचना म्हणजे कोर्सभर चष्मा वापरणे. लेन्स हट्टाने घातली की डोळ्यांना ओरखडे पडू शकतात. लेन्सशिवाय चालतच नसेल तर काही तासांपुरतीच, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून.

काही तक्रारी मात्र थेंबांवर सोडून द्यायच्या नसतात. डोळा दुखतो आहे, उजेड सहन होत नाही, लाली काही दिवसांत जात नाही, दिसणे कमी झाले, तर नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे. अंधारात, विशेषतः उजेडातून एकदम काळोखात गेल्यावर दिसेनासे होणे हाही या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे. तो अचानक सुरू होऊ शकतो. असे जाणवल्यास रात्री दुचाकी चालवणे थांबवून डॉक्टरांना कळवावे.

याच्याही पुढची एक धोक्याची जोडी पावसाळ्यात समोर येते. मुंबई परिसरात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसपासून बचाव म्हणून डॉक्सिसायक्लिन दिले जाते. हे औषध टेट्रासायक्लिन गटातले आहे आणि ते आयसोट्रेटिनॉइनबरोबर घेऊ नये, कारण दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. सततची डोकेदुखी, उलटी, धूसर किंवा दुहेरी दिसणे ही त्याची लक्षणे. गोळी देणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला ‘मी आयसोट्रेटिनॉइन घेतो आहे’ हे एक वाक्य सांगितले, की दुसरा पर्याय सुचवता येतो. अ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या आणि त्याची मोठी मात्रा असलेल्या मल्टीव्हिटॅमिन गोळ्याही या काळात बंद, कारण ते एकाच गोष्टीचे दोन डोस घेतल्यासारखे होते.

ऊन का सोसत नाही, आणि सनस्क्रीन किती लावायचे?

वरचा थर पातळ झाला की अतिनील किरणांना अडवणारी भिंतही पातळ होते. एरवी अर्धा तास उन्हात काही न होणाऱ्याचा चेहरा आता पंधरा मिनिटांत लाल होऊ शकतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला यात आणखी एक काळजी आहे. भाजण्यापेक्षा काळवंडणे जास्त दिसते. मुरूम बरा झाल्यावर जो तपकिरी डाग राहतो, तो उन्हाने गडद होतो आणि महिनोन्‌महिने राहतो. मुरुमे गेली, डाग राहिले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांनी कोर्समध्ये सनस्क्रीन लावलेलेच नसते.

उपाय कपड्यांपासून सुरू होतो. दुचाकीवरच्या पुणेरी मुलींच्या स्कार्फची चेष्टा खूप झाली, पण या रुग्णांसाठी तो सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा आहे. दोन अटी मात्र पाळाव्यात : स्कार्फ रोज धुतलेला, मऊ सुती असावा, आणि ओठांवर घट्ट बांधू नये, नाहीतर घर्षणाने फाटलेले ओठ आणखी सोलतात. हेल्मेट त्याच्यावरून घालावे लागतेच. चालणाऱ्यांसाठी सर्व बाजूंनी काठ असलेली टोपी, गॉगल, पूर्ण बाह्या. बाहेर पडावे की नाही याची खूण सावलीत मिळते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा अतिनील किरणे तीव्र असतात. एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात भर दुपारी ती अगदी पायाशी येते.

सनस्क्रीन ब्रॉड स्पेक्ट्रम, एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक, आणि पीए तीन किंवा चार अधिकचिन्हांचे घ्यावे. एसपीएफ हा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचा आहे, काळवंडवणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी पीएची चिन्हे पाहावीत. अल्कोहोलचे जेल किंवा स्प्रे या काळात झोंबतात. क्रीमच्या स्वरूपातले, झिंक ऑक्साइडवर आधारलेले बहुतेकांना सोसते. जास्त डाग असणाऱ्यांना फिकट रंग असलेले, म्हणजे आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण डाग गडद करण्यात दिसणाऱ्या प्रकाशाचाही वाटा असतो.

खरी चूक प्रमाणात होते. तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढली की साधारण एक ग्रॅम होते, आणि फक्त चेहऱ्याला तेवढे लागते. मान-कानांसाठी तिसरे बोट. याचा हिशेब घरी तपासता येतो. पन्नास ग्रॅमची ट्यूब चेहऱ्याला रोज दोनदा लावली तर पंचवीस दिवसांत संपायला हवी. तीच ट्यूब चार महिने पुरत असेल, तर डबीवर लिहिलेल्या एसपीएफचा थोडाच भाग प्रत्यक्षात मिळतो आहे. आधी मॉइश्चरायझर, ते मुरल्यावर दहा मिनिटांनी सनस्क्रीन, मग पंधरा मिनिटांनी घराबाहेर, असा क्रम. बाहेर असताना दोन-तीन तासांनी, आणि घाम पुसल्यावर पुन्हा. ओठांना विसरू नये. दिवसा साध्या जेलीऐवजी किंवा तिच्याखाली एसपीएफ असलेला, सुगंध नसलेला लिप बाम लावावा.

ढगाळ दिवसांनी फसू नये. पावसाळ्यातही अतिनील किरणांचा मोठा भाग ढगांतून खाली येतो, आणि यूव्हीए खिडकीच्या काचेतून आत येते. बसच्या खिडकीशी रोज बसणाऱ्याचा एक गाल दुसऱ्यापेक्षा काळा पडलेला त्वचारोगतज्ज्ञ नेहमी पाहतात. तरीही भाजलेच, तर थंड पाण्याच्या पट्ट्या आणि साधे मॉइश्चरायझर लावावे. फोड आले तर डॉक्टरांना दाखवावे. त्या दिवशी चेहऱ्यावर दुसरे काहीही प्रयोग नकोत.

गर्भधारणेचा इशारा वेगळा का?

कोरडेपणा त्रासदायक असला तरी तो उलटतो. गर्भावरचा परिणाम उलटत नाही. या औषधाने बाळात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून स्त्रियांनी औषध सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून, संपूर्ण कोर्सभर आणि नंतर एक महिना गर्भधारणा टाळायची असते. याच कारणाने कोर्समध्ये आणि संपल्यावर महिनाभर स्त्री-पुरुष कोणीही रक्तदान करू नये. उरलेल्या कॅप्सूल मैत्रिणीला, बहिणीला देणे हा तर थेट धोका. मनःस्थिती खूप खालावली तर तेही लपवू नये. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.

कोर्स संपल्यावर किती दिवस सांभाळायचे?

औषध शरीरातून काही दिवसांत निघून जाते आणि बहुतेकांचे ओठ, त्वचा काही आठवड्यांत पूर्ववत होतात. डोळ्यांना थोडा जास्त वेळ लागू शकतो, आणि क्वचित काहींना चुरचुर रेंगाळते. महिन्या-दोन महिन्यांनी ती कायम असेल तर नेत्रतपासणी करावी. सनस्क्रीन मात्र डाग पूर्ण जाईपर्यंत चालू ठेवावे लागते.

पार्लरमधल्या वॅक्सिंगसाठी मुदत मोठी आहे. पातळ झालेला थर मेणाबरोबर सोलून निघतो आणि तिथे व्रण किंवा काळा डाग राहू शकतो. म्हणून कोर्स चालू असताना आणि नंतर सहा महिने वॅक्सिंग टाळायला सांगितले जाते. भुवयांना दोरा लावतानाही पापुद्रा निघण्याचा धोका असतो. केस काढायचेच असतील, तर कात्री किंवा हलक्या हाताने रेझर हा सुरक्षित पर्याय. त्वचा खरवडणारी डर्माब्रेजनसारखी प्रक्रियाही या काळात टाळावी. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझर शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या औषधाबद्दल सांगावे. तीही सहसा औषध थांबल्यावर सहा महिन्यांनीच होते. आपल्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीचा कोर्स ऑगस्टच्या मध्याला संपला, तर डिसेंबरमधल्या बहिणीच्या लग्नापूर्वी चेहऱ्याचे वॅक्सिंग बसत नाही; पार्लरची वेळ घ्यायचीच असेल तर ती फेब्रुवारीच्या मध्यानंतरची.